मरो, धरो, सरो

कत्तलखान्यात सुरा चालवणाऱ्या माणसाला सगळे पैलवान म्हणत. त्याच्या धाकट्या भावाला कत्तलखान्याच्या फाटकावर एका ट्रकवाल्याने भोसकलं. भांडण गाडी मागे घेण्यावरून झालं होतं. पैलवान धावत पोचला, तेव्हा भावाच्या पोटातून रक्त भळाभळा वाहत होतं. ते दाबून धरता धरताच भाऊ त्याच्या मांडीवर गेला.

ट्रकवाला जामिनावर सुटला. पैलवानाने सुऱ्याला धार लावली. ते पाहून आई म्हणाली, "सुरा नको. धाकट्यासाठी देवाला म्हणायला चार ओळी आण. मला पाठ होतील अशा."

आयुष्यात ओळ न जुळवलेला पैलवान शेजारच्या निवृत्त शिक्षिकेच्या, बाईंच्या, दारात उभा राहिला. कागदावर त्याने पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी अशी यमकं जुळवायचा प्रयत्न केला होता.

"एवढं कशाला?" बाई म्हणाल्या. "तिसरी ओळ येईपर्यंत आई पहिलीचा शेवट विसरेल. लगतच्या दोन ओळी जुळव, मग पुढच्या दोन. ओळीला आठ अक्षरं. आणि नुसतं शेवटचं अक्षर जुळून भागत नाही, त्याच्या आधीचा स्वरही जुळावा लागतो. 'हाती'ला 'माती' चालेल, 'शेती' नाही."

पहिली जोडी लगेच जमली:

देवा, माझ्या भावासाठी
उभा राहा त्याच्या पाठी

दुसरी त्याने दात-ओठ खात लिहिली:

मारणारा उद्या मरो
माझा राग तेव्हा सरो

बाईंनी बोटांवर अक्षरं मोजली. "यमक चोख आहे. पण हे आई म्हणेल?"

पैलवानाने मूठ टेबलावर आपटली. फळी चिरली, दौत उलटली. "मग काय लिहू? मला दुसरं सुचतच नाही!"

बाई जागच्या हलल्या नाहीत. "सोपा शेवट घ्यावा तो यासाठीच. 'रो'ची भावंडं पुष्कळ आहेत. करो, तरो, धरो. 'सरो' राहू दे, 'मरो' बदल."

तो घामाघूम होईतो बसला. मग लिहिलं:

देव माझा हात धरो
माझा राग इथे सरो

परतताना चहाच्या टपरीपाशी ट्रकवाला दिसला, हसत उभा. पैलवानाचं डोकं फिरलं. त्याने त्याला कॉलरला धरून भिंतीवर आदळलं. नाक फुटलं, दोन दात पडले, शर्ट लाल झाला. हात कमरेच्या सुऱ्यावर गेला. लिहिलेली ओळ त्याच्या ओठांवर आली, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. सुरा त्याने काढला नाही. लोकांनी ओढेपर्यंत मात्र मारत राहिला.

तीन महिने आत गेला. जाताना ओळींचा कागद आईकडे दिला. आई पहिल्या भेटीला आली, तेव्हा चारही ओळी तिला पाठ होत्या. जाळीपलीकडून तिने त्या म्हणून दाखवल्या, 'धरो'वर श्वास घेत. मग डोळे पुसून म्हणाली, "मेल्या, लिहितोस एक आणि करतोस एक."

त्याने मान खाली घातली. "आई, अजून एकदा म्हण."