चौथ्या प्रवेशाचं पान

आमच्या हौशी नाटक मंडळीत मी कधी रंगमंचावर गेले नाही. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात होते. पहिली शिफ्ट संपली की कंपनीच्या बसनं भोसरीला खोलीवर यायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि आकुर्डीला एका शाळेच्या हॉलमध्ये तालमीला जायचं. पडदा, प्रॉम्प्टिंग, वस्तूंची यादी, असली कामं माझ्याकडं असत.

आमच्या दिग्दर्शिका निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्या वर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी त्यांनी मंडळातल्याच एकाचं नवं नाटक निवडलं. लेखकाचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं. बाईंनी संहिता माझ्या हातात दिली.

"प्रत्येक प्रवेशाचं एक पान कर. वर जागा आणि वेळ. मग कोण येतं, त्याला काय हवं असतं, तो काय करतो, आणि प्रवेश संपताना काय बदललेलं असतं. उजवी अर्धी बाजू कोरी सोड, तिथं मी हालचाली लिहीन. आणि हे बघ, संवाद उतरवू नकोस, विशेषणं नकोत. घडतं तेवढंच."

बसमध्ये बसून मी संहिता उघडली आणि दुसऱ्याच पानावर थांबले.

नाटक पॉवर प्रेसवरच्या, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवरच्या, अपघाताचं होतं. काम भराभर उरकावं म्हणून हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर सुपरवायझर बंद करायला लावतो. ऑपरेटरची दोन बोटं जातात. चौकशी बसते. आणि सेन्सर बंद असलेला क्वालिटीतल्या एका मुलीनं पाहिलेला असतो.

आमच्या कंपनीत आठ महिन्यांपूर्वी हेच झालं होतं. त्या सकाळी पहिला पीस तपासायला मी प्रेसजवळ गेले होते. सेन्सरचा दिवा बंद दिसला. मी सुपरवायझरकडं पाहिलं, त्यांनी मान फिरवली. मी पीस ओके केला आणि पुढच्या मशीनकडं गेले. तासाभरात आरडाओरडा झाला. नंतर सुपरवायझरनी माझ्यापुढं कागद ठेवला: सेन्सर चालू होता. मी सही केली. ऑपरेटरनं स्वतःच सेन्सर बंद केला, असं ठरवून त्याला निलंबित केलं. ही गोष्ट मी घरीसुद्धा कुणाला सांगितली नव्हती.

लेखकाला कुणी सांगितलं? हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घण घालत होता. मंडळात कुणी हसलं तरी दचकायला व्हायचं. कंपनीत सुपरवायझर जवळून गेले की वाटायचं, नाटकाचं यांच्या कानावर गेलंय. नाटकाचं काम सोडून द्यावं असं दोनदा मनात आलं. पण एकाएकी का सोडलं, असं बाईंनी विचारलं असतं तर काय सांगणार होते?

सहा प्रवेश होते. पहिली तीन पानं मी कशीबशी लिहिली. चौथा प्रवेश सुपरवायझर आणि त्या मुलीचा. तो लिहिताना पान दोनदा फाडलं. शेवटी एका बैठकीत लिहून टाकलं आणि परत वाचलंसुद्धा नाही. सहाही पानांच्या झेरॉक्स काढल्या.

रविवारी सकाळी आम्ही गोल करून बसलो. बाई एकेक पान मोठ्यानं वाचत होत्या, नट मान डोलावत होते. चौथं पान आलं.

"सुपरवायझर कागद पुढे ठेवतो. मुलगी पाणी मागते. पाणी पिते. कागदावर सही करते. जाते." बाई थांबल्या. "सही करते?"

"मी असं लिहिलेलं नाही," लेखक म्हणाला.

"आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "संहितेत आहे."

"मग ओळ दाखव मला."

मी पानं उलटली. 'उद्या आणून देते,' असं म्हणून मुलगी कागद घेऊन बाहेर पडत होती. मग अंधार. पाचव्या प्रवेशात चौकशीच्या खोलीत तिची खुर्ची रिकामी. सहाव्यात ती दाराशी येऊन उभी राहते आणि पडदा पडतो. सहीचा शब्द कुठंच नव्हता. मी तीच दोन पानं पुन्हा पुन्हा चाळत राहिले.

"अगं, तिनं चौथ्यातच सही केली, तर सहाव्यात ती दाराशी कशाला येते? सगळं नाटक तिथंच तर टांगलेलं आहे," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. मग माझ्याकडं पाहून बाकीच्यांना म्हणाल्या, "जा, चहा घेऊन या सगळे."

हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी विचारलं, "ही सही कुणाची आहे?"

मी सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "लेखकाला कुणी सांगितलं, बाई?"

"त्याला तुझ्या कंपनीचं नावही ठाऊक नाही. त्याच्या मेव्हण्याचं बोट गेलंय, दुसरीकडं कुठंतरी. असं पुष्कळ ठिकाणी होतं गं." मग त्या म्हणाल्या, "हे पान दुरुस्त करून दे. बाकीचं तू ठरव. मी काही सांगणार नाही, माझी नोकरी जायची नाहीये."

पान मी तिथंच दुरुस्त केलं. 'मुलगी सही न करता कागद घेऊन जाते.' ती ओळ लिहिताना मला त्या मुलीचा हेवा वाटला.

पुढच्या आठवड्यात मी त्या ऑपरेटरची खोली शोधत गेले. तो बीडकडचा, भोसरीतच भाड्यानं राहत होता. दार त्यानंच उघडलं. उजवा हात पँटच्या खिशात होता.

"मॅडम? तुमी कामून आल्या इकडं?"

"त्या दिवशी सेन्सर बंद होता. मी पाहिलं होतं. आणि चालू होता म्हणून सही केली."

मला वाटलं, दार तोंडावर आपटेल. त्यानं दार धरून ठेवलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, कुनीच पाह्यलं नसंल. मीच खोटं बोलतोय का काय, असं वाटाया लागलं होतं." आत या म्हणाला नाही.

दोन दिवसांनी युनियनच्या प्रतिनिधीसमोर मी नवा जबाब लिहिला. जागा, वेळ, कोण होतं, मी काय पाहिलं, काय केलं. विशेषण एकही पडलं नाही.

चौकशी पुन्हा उघडली. ऑपरेटर कामावर परत आला, हलक्या कामावर. सुपरवायझर दुसऱ्या विभागात गेले. खोट्या जबाबाबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, क्वालिटीतून काढून स्टोअरला बसवलं. जेवणाच्या वेळी माझ्या टेबलावर महिनाभर कुणी बसलं नाही. रोज गेटवर कार्ड लावताना वाटायचं, आज दिवा हिरवा लागणार नाही, नोकरी गेलेली असेल.

नाटकाला बक्षीस मिळालं नाही. प्रयोगाला ऑपरेटर आला होता, मी बोलावलं नव्हतं. विंगेतून तो मला मागच्या रांगेत दिसला आणि प्रॉम्प्टिंगची ओळ माझ्या हातून निसटली. चौथ्या प्रवेशात मुलगी पाणी प्यायली तेव्हा मी त्याच्याकडं बघूच शकले नाही. प्रयोग संपल्यावर तो न भेटताच निघून गेला. कंपनीत समोर आला की मान हलवतो. मीही हलवते. त्याच्या हाताकडं बघणं मला अजून जमत नाही.