तारखेऐवजी किल्ली

निवृत्तीनंतर बाबांना बँकेचं क्वार्टर सोडायचं होतं, आणि प्रताप नगरजवळ बुक केलेल्या फ्लॅटचा ताबा करारातली तारीख उलटून वर्ष झालं तरी मिळाला नव्हता. बिल्डरला ईमेल मी लिहिला. कम्प्लीशन सर्टिफिकेटसह ताबा नक्की कधी देणार ते लेखी कळवा आणि कायद्याप्रमाणे उशिराचं व्याज द्या, एवढंच त्यात होतं.

लेखी उत्तराऐवजी बाबांना फोन आला. "अंकलजी, चाबी ले जाइए, फर्निचर का काम शुरू कीजिए. सर्टिफिकेट आता रहेगा."

आम्ही तिघं गेलो. लिफ्टच्या जागी फळ्या ठोकल्या होत्या. चौथ्या मजल्याकडे बघत आई गुडघा चोळत राहिली. ऑफिसात मॅनेजरने कागद पुढे केला: ताबा मिळाला, काही तक्रार नाही.

"बाबा, सही नका करू," मी हळूच म्हणाले.

"मग राहायचं कुठे? तुझ्या ईमेलमध्ये?"

त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी माझ्या ईमेलला उत्तर आलं. ताबा दिलेला असल्यामुळे तारखेचा आणि व्याजाचा प्रश्न उरत नाही, असं त्यात लिहिलं होतं. ते मी बाबांना वाचून दाखवलं. ते सामान बांधत होते. थांबले नाहीत.