सांगलीची बैठक आणि बाथरूमची तपासणी

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक रिटायर झालेल्या शाळेच्या बाई राहतात. त्यांच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायचं. ते वरच्या कुठल्या मजल्यावरून येतं हे काही केल्या कळेना, म्हणून कमिटीनं इंजिनिअर बोलवायचं ठरवलं आणि जिन्याजवळच्या फळ्यावर नोटीस लावली. एकाखाली एक येणारी सगळी बाथरूमं एकाच रविवारी तपासणार, सभासदांनी घरी थांबावं. बाईंच्या बरोबर डोक्यावर मी राहतो.

तो रविवार माझा मोकळा नव्हता. त्याच दिवशी सांगलीला नातीच्या लग्नाची बैठक होती. माझा मुलगा वारला, सून आणि नात सांगलीला राहतात. सातारचा हा फ्लॅट मुलानं घेतलेला. तो सोडून मी कुठं राहायला जात नाही, सून कितीही म्हणाली तरी. पण बापाच्या जागी बैठकीत बसायला घरात मी एकटाच.

आता हे कमिटीला सांगितलं असतं तर काम सोपं होतं. पण आमच्यात जमायच्या आधी लग्नाचं बोलत नाहीत. बोललं की पाहुण्यांच्या कानाला लागणारा कुणीतरी निघतोच. म्हणून अर्जात मी एवढंच लिहिलं की मी परगावी असणार, तपासणी पुढं घ्यावी. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर, पण लिहिलं माझं मीच.

सेक्रेटरी बँकेत नोकरीला आहेत, पोरगेलेसे. सोसायटीच्या ऑफिसात त्यांनी अर्ज वाचून चेअरमनकडं सरकवला. चेअरमन फौजेतून आलेले, माझ्यापेक्षा थोडे लहान.

"आबा, कारण लिहिलं नाहीत," सेक्रेटरी म्हणाले.

"लिवलंय की. परगावी चाललोय."

"परगावी कशासाठी?"

"निघालेल्या माणसाला असं इचारत न्हाईत."

चेअरमन हसले. "आवं, रविवारी निघणार तुमी, आज कुठं निघालाय?"

"मनानं निघालोय."

सेक्रेटरींनी सरळ सांगितलं, "एकट्या तुमच्या फ्लॅटची तारीख बदलून भागत नाही. वरच्या बाथरूममध्ये पाणी सोडायचं आणि खालचं छत बघायचं, असं एकेक मजला करत जातात. मधला एक बंद राहिला तर सगळं फुकट. तुम्ही किल्ली ठेवून जा. मी आणि कमिटीचा एक सभासद उघडू, बघू आणि लावून घेऊ."

"माझी किल्ली मी कुणाला देत न्हाई."

"घरात काय तोफा ठेवल्यात व्हय?" चेअरमन म्हणाले.

"असत्यात. तुमास्नी काय करायचं?"

बराच वेळ असंच चाललं. मला दमायला झालं. या वयात माणसाला आपल्याहून लहानांसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सुट्टी मागावी लागते, याचाच शीण जास्त. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या खालच्या बाई बोलल्या.

"छत माझं गळतंय ना? मग मी आठवडाभर आणखी बादली ठेवते. त्यांचं काहीतरी अडलंय, म्हणून तर आलेत. सांगायचं नसेल तर कशाला खोदून विचारता?"

मग चेअरमननी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला. पुढच्या रविवारी दुपारनंतर येतो म्हणाला. सेक्रेटरींनी नवी नोटीस काढली. वरच्या मजल्यावरच्या जोडप्यानं पाचगणीला जायचं ठरवलं होतं, ते त्यांनी माझ्यापायी रद्द केलं. जिन्यात भेटले की दोघं माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघायचे.

शनिवारी मी पिशवी भरली. धोतर इस्त्री करून आणलं. तेवढ्यात सुनेचा फोन.

"मामंजी, पावन्यांनी पुढं ढकललंय. पोराचा चुलता फौजेत हाय, त्येला उद्याची सुट्टी घावली न्हाई. उद्या न बसता पुढच्या रविवारी बसूया म्हणत्यात. चालंल न्हवं?"

मी पिशवीवरच बसलो. पुढचा रविवार म्हणजे तपासणीचा, माझ्यासाठी बदललेला रविवार. चालंल म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मुलीकडचे आम्ही.

आता पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणं माझ्यानं होणार नव्हतं. तारीख बदला म्हणालो, त्यांनी बदलली, आता परत बदला म्हणायचं कुठल्या तोंडानं? आठवडाभर किल्ली खिशात चाचपत राहिलो. निघायच्या दिवशी सकाळी खाली उतरून बाईंची बेल वाजवली आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"सेक्रेटरीला द्या. पर तुमी सोबत थांबा."

बाईंनी कुठं, कशाला काही विचारलं नाही. "जाऊन या," एवढंच म्हणाल्या.

सांगलीला सुनेच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. पोरगं चांगलं होतं, नातीलाही पसंत होतं. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, म्हणून लग्न परीक्षेनंतर हे दोन्हीकडून कबूल होतं. अडलं होतं ते माझ्यापाशी. फौजी चुलता म्हणत होता, "सुपारी आजच फोडू." मी म्हणत होतो, "विचार करून कळवतो." विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण मागितल्या मागितल्या हो म्हणावं, असं मला पटत नव्हतं. त्यांनी एकदा तारीख बदलली होती, आता थोडं थांबू देत की, असं आत कुठंतरी होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सेक्रेटरी.

"आबा, गळती तुमच्याच बाथरूममधून आहे. मोरीच्या जाळीखाली पाइपचा जोड असतो, तिथून पाणी मुरतंय असा इंजिनिअरचा अंदाज आहे. दोन फरश्या फोडून बघावं लागेल. तुमच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आज करायचं की तुम्ही आल्यावर?"

मला फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यामुळं मी ओरडूनच बोलतो.

"आज न्हाई म्हटलं तर परत तारीख कवा घावायची? फोडा! माझी काय हरकत न्हाई. फोडून टाका एकदाची!"

फोन ठेवला तर खोलीतले सगळे माझ्याकडंच बघत होते. फौजी चुलता गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "झालं! आबांनी घरच्या माणसाला इचारून घेतलं बघा. आना रं सुपारी!"

ते सोसायटीचं बोलणं होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. समोर स्वयंपाकघराच्या दारात नात उभी होती. तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली होती आणि चेहरा असा उजळला होता, की मी उघडलेल्या तोंडात पानाचा विडा घातला. सुपारी फुटली. सून पदराआड रडत होती, मुलाची आठवण काढत असावी. मला फार थकल्यासारखं झालं. पाठ भिंतीला टेकवून बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सातारला आलो तर बाथरूमचा कोपरा उकरलेला, सिमेंटची ढेकळं पोत्यात भरून ठेवलेली. पाणी वापरायचं नाही अशी चिठ्ठी दारावर. प्लंबर येऊन जोड बदलेपर्यंत आंघोळीचे वांधे. बादली घेऊन बाईंच्या दाराशी गेलो. त्यांनी गरम पाणी काढून दिलं आणि किल्ली परत दिली.

"तुमच्या खोलीत कुणाला जाऊ दिलं नाही," म्हणाल्या. "बाथरूम तेवढं दाखवलं."

मी बादली खाली ठेवली. "बाई, नातीचं जमलं. काल सुपारी फुटली."

"अगंबाई! म्हणून गेला होतात होय? बसा ना, साखर तरी देते हातावर."

"गच्चीवर आंघोळ करून येतो," म्हणालो. "न्हाईतर पानी निवंल."