दाताखालचा पाक

चिक्की दाताला चिकटली तर ती चिक्कीच नव्हे, असं माझा नवरा म्हणायचा. लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते आहे. तोंडावर आयुष्यभर ‘अवो’ केलं, एकेरीची टाप नव्हती. आता ऐकायला तो नाही, म्हणून हे धाडस.

किहीमला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर आणि घरापुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये गॅसची शेगडी, जाड बुडाची कढई आणि मागे काळ्या फरशीचा ओटा. समुद्रावरून परतणारे लोक गाडी थांबवून चिक्की न्यायचे. शेंगदाणे भाजायचे, सालं पाखडायची, ओट्याला तूप लावायचं, गरम चिक्की लाटायची, कापायची, पाकिटं भरायची, ही सगळी कामं माझी. पाक मात्र त्याचा. कढईतला झारा मी रोज घासायची, पण तो पाकात घालायची मला परवानगी नव्हती. “तुझा हात घाईचा हाय,” म्हणायचा. खोटं नव्हतं ते. मी चहासुद्धा धड उकळू देत नाही.

त्याचा पाक बघण्यासारखा असायचा. गूळ चिरून थोड्या पाण्यात विरघळवायचा, फडक्यातून गाळायचा, म्हणजे त्यातली वाळू आणि उसाच्या काड्या निघून जातात. मग चमचाभर तूप घालून मध्यम आचेवर ढवळत राहायचं. आधी मोठे बुडबुडे येतात, फेस वर चढतो. मग फेस दाट होतो, बुडबुडे बारीक आणि चकचकीत होतात, रंग गडद होत जातो. शेजारी वाडग्यात गार पाणी. त्यात थेंब टाकला की पहिल्यांदा तो पसरतो, नंतर त्याची मऊ गोळी होते, मग ती गोळी ताणली जाते, आणि शेवटी बोटांनी मोडते. पुष्कळ जण इथेच कढई उतरवतात. तो उतरवायचा नाही. तो गोळी डाव्या दाढेखाली धरायचा.

“पान्यात टाकल्यावर काय, सगलंच कडक होतंय,” तो म्हणायचा. “दात सांगतील तवा खरं.”

खरंच तसं आहे. कच्चा पाक पाण्यात कडक वाटतो, पण तोंडातल्या उबेने मऊ पडतो आणि दाढेला धरून बसतो. पुरता झालेला पाक कट् करून मोडतो आणि दाढ मोकळी होते. त्या आवाजानंतर ओले हात पदराला पुसायला लागतो तेवढाच वेळ हातात असतो. त्यापुढे कडवटपणा येतो. म्हणून कट् झालं की तो गॅस बंद करायचा, चिमूटभर सोडा टाकायचा आणि मी कोमट शेंगदाणे ओतायची. गार शेंगदाणे ओतले तर पाक लाटायच्या आधीच आवळतो. आमचं दोघांचं संसारात जमलं नसेल इतकं त्या कढईपाशी जमायचं.

पुढे त्याच्या जेवणाच्या तक्रारी सुरू झाल्या. कालवण तिखट लागतं, तोंड जळतं. भाकरी कालवणात बुडवून लगदा करून खायचा. बांगड्याला हात लावेना. मी म्हटलं, म्हातारपणी नव्या नवरीचे नखरे सुचायला लागले. “तुझाच हात कडू झालाय,” तो म्हणाला. मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कालवणात एक मिरची जास्त घातली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्याने ते कालवण पाणी घालून घालून संपवलं.

त्याच सुमारास चिक्कीबद्दल कुरकुर ऐकू यायला लागली. कुणी म्हणे चिवट आहे, कुणी म्हणे पहिल्यासारखी मोडत नाही. मी अलिबागच्या गूळवाल्याशी भांडून आले. तुझ्या गुळात ओल आहे, तू साखर मिसळतोस, जे तोंडाला येईल ते बोलले आणि एक अख्खी ढेप परत केली. तो बिचारा शपथा घेत होता. मग मी खाऱ्या हवेला बोल लावला, डब्यांना नवी झाकणं आणली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

एका रविवारी दुपारी एक बाई परत आल्या. सकाळी चिक्की घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या एका हातात आमचं पाकीट होतं आणि दुसऱ्या हातातल्या कागदी रुमालात त्यांच्या दातावरची पांढरी टोपी. चिक्कीबरोबर निघून आली होती. त्या भांडल्या नाहीत, नुसता रुमाल उघडून दाखवला. शेडमध्ये आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती.

मी पाकिटातला तुकडा घेऊन मोडला. तो आधी वाकला, मग ताणला आणि मग तुटला. हवा लागलेली चिक्की वरून चिकट होते, आत मात्र कडकच असते. ही आतून कच्ची होती. म्हणजे गूळवाल्याची चूक नव्हती, झाकणांची नव्हती. पाकाची होती, आणि पाक एकाच माणसाचा होता.

चार माणसांत तो तुकडा मी त्याच्यापुढे धरला. “बघा काय केलंत. खाऊन बघा.”

त्याने मान फिरवली. “ठेव तिकडं. मंग बघतो.”

“मंग न्हाय. आता खा. लोकांना खायला घालता ना? तोंड उघडा.”

मी तुकडा त्याच्या ओठांना लावला. “तोंड उघडा की!”

त्याने उघडलं. ओठ फाकले, गालाच्या शिरा ताणल्या, मानेवर घाम आला, आणि दातांच्या मधे जेमतेम एक बोट जाईल एवढी फट झाली. तेवढीच. तुकडा दाढेपर्यंत जाईना. मला वाटलं, हट्ट करतोय.

त्या बाईंना माझ्याआधी कळलं. “कधीपासून असं आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“दोन वर्सं,” तो म्हणाला.

बाईंनी रुमाल मिटला आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. बाकीची माणसंही पांगली. मी हातातला तुकडा धरून तशीच उभी होते.

दोन वर्षं. दोन वर्षं तो माझ्याकडे पाठ करून गोळी बोटांनी मोडायचा आणि जबडा हलवायचा. मी मागून त्याचा गाल हलताना बघायची आणि शेंगदाणे घेऊन तयार राहायची. गोळी त्याच्या दाढेखाली जातच नव्हती. पाक करपेल म्हणून तो लवकर उतरवत होता, आणि बोलत नव्हता, कारण बोलला असता तर झारा सोडावा लागला असता.

विसाव्या वर्षापासून त्याच्या गालात गुटख्याची पुडी असायची. आगीपुढे तोंड सुकतं, म्हणायचा. मी एका शब्दाने अडवलं नाही, कारण माझी मशेरीची डबी त्याच फळीवर होती. मी कोणत्या तोंडाने बोलणार?

मांडव्याहून लाँचने आम्ही मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, तुमचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. त्याने तीन लावून पाहिली, दोन लावली, शेवटी एक घातलं. ते एक बोट तोंडात ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. मला तेव्हा हंबरडा फोडावासा वाटला, पण बाहेर मोठी रांग होती. त्याच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दाढेमागे कॅन्सर निघाला. ज्या दाढेखाली तो पाक धरायचा, तीच बाजू. ती दाढ गेली, त्या बाजूचा जबडा गेला. नाकातून नळी आली. बोलणं म्हणजे घशातला घोगरा आवाज, तो फक्त मला कळायचा, आणि मलाही सगळा नाही.

शेड बंदच होती. एका सकाळी भांडी घासून मी बाहेर आले तर त्याने गुळाची ढेप शेगडीपाशी आणून ठेवली होती आणि स्वतः स्टुलावर बसला होता. झारा माझ्याकडे दांडा करून धरला होता. संसाराच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

गूळ विरघळला, गाळला, फेस चढला, उतरला. तो बुडबुड्यांकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. त्याने पाण्याच्या वाडग्याकडे बोट केलं. थेंब टाकला, गोळी झाली, बोटांत मोडली. मी ती दाढेखाली धरली. ती धरून बसली. दाढ सुटेना.

“झाला,” मी म्हणाले. खोटं बोलले. त्याच्या नळीसमोर बसून चावणं मला सोसवत नव्हतं, लवकर संपवायचं होतं.

त्याने हात पुढे केला. मी दुसरी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती स्टीलच्या ताटलीत टाकली. नुसता बद्द आवाज आला. त्याने मान हलवली आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. परत.

दुसऱ्या खेपेला अर्धी मोडली, अर्धी चिकटली. त्याने विचारायच्या आधीच मी मान हलवली. हात भरून आला होता. तळाला जरा धुरकट वास येईल की काय अशी भीती वाटायला लागली. तिसऱ्या खेपेची गोळी दाढेखाली घेतली.

कट्.

तो आवाज माझ्या कानांच्या आतून आला. पण त्यालाही ऐकू गेला असणार, कारण मी काही म्हणायच्या आत त्याने वाकून गॅस बंद केला. सोडा त्यानेच टाकला. मी शेंगदाणे ओतले, लाटलं, कापलं. गार झाल्यावर तुकडे काचेसारखे मोडले.

आमच्याकडे घाण्याचा पहिला तुकडा त्याचा असायचा. मी तो हातात घेऊन उभी राहिले आणि काय करावं ते मला सुचेना. त्याने तो माझ्या हातातून घेतला, नाकातल्या नळीच्या बाजूने हुंगला आणि मला परत दिला. खा, अशी खूण केली. मी त्याच्यासमोर बसून तो खाल्ला. पूर्ण खाल्ला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

असे आमचे सहा-सात घाणे झाले. मग त्याला स्टुलावर बसवेना. गणपतीच्या आधी तो गेला.

शेड आता मीच चालवते. मशेरीची डबी त्याच्या दहाव्याला फेकली. जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, चिक्की पुन्हा पहिल्यासारखी झाली. गूळवाल्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या वहिनी. तीच एक माफी मला मागता आली.

दर घाण्याला मी गोळी डाव्या दाढेखाली धरते. कट् होतं, दाढ मोकळी होते, आणि त्या आवाजापाठोपाठ मला माझाच आवाज ऐकू येतो, चार माणसांत चढलेला, तोंड उघडा की. तो उघडत होता. जेवढं उघडत होतं तेवढं सगळं उघडलं होतं त्याने. मग मी गॅस बंद करते आणि शेंगदाणे ओतते, कारण पाक थांबत नाही.