गुटगुटीत मुलाचं बक्षीस

वर्षातले एकावन्न आठवडे पोराबाळांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या मंडळींना बावन्नाव्या आठवड्यात त्यांचा पुळका यायचा. त्याला बालसप्ताह म्हणत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि नागपूरहून परिपत्रक निघालं की जळगाव जामोदच्या प्रतिष्ठित बायका भरजरी लुगडी नेसून मातृत्वावर बोलायला सज्ज व्हायच्या. मी तिसऱ्या वर्षाची शिकाऊ नर्स होते. तिथल्या दवाखान्यात सहा महिन्यांसाठी आले होते. जिनिंगच्या शेडमध्ये सुदृढ बालक स्पर्धा होती आणि पोरं काट्याच्या झोळीत टाकून वजन सांगणं, एवढंच माझं काम.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या पत्नी. त्यांनी बसवलेला नियम साधा होता. जास्त वजनाच्या पोराला बक्षीस, कमी वजनाच्या पोराला दुधाच्या भुकटीचं कार्ड. बाजारात गाठी तोलतात तशी पोरं तोलायची आणि दोन ढीग करायचे, यापलीकडे त्यांची अक्कल गेली नव्हती.

त्या दिवशी एका म्हाताऱ्या आजीने दहा महिन्यांची नात आणली. आई बाळंतपणात गेलेली, पोर पाणी घातलेल्या दुधावर वाढवलेली. नुसती हाडं आणि लोंबणारी कातडी, चेहरा ऐंशी वर्षांच्या बाईचा. घरचे मुडदूस म्हणत होते, आमच्या पुस्तकात मरास्मस. पण पोर काट्यावर किंचाळत होती आणि माझं बोट तोंडात ओढत होती. जी पोर भुकेसाठी भांडते तिची आशा असते. तिला कार्ड मिळालं, ते योग्यच झालं.

तिच्यामागून सोनाळ्याची एक बाई आली. घरी मळा होता, वांगी-मिरच्या पिकवायची. एका हातावर तीन महिन्यांचं तान्हं, कडेवर दोन वर्षांचा मोठा. मोठ्याचे गाल फुगलेले, पाय गोल. काट्यावर तो पोत्यासारखा बसला. रडला नाही, खुळखुळा पुढे केला तर पाहिलाही नाही. केस पिंगट आणि विरळ, मांडीवरची कातडी जुन्या रंगाच्या पोपड्यांसारखी सुटलेली. मी त्याच्या पावलाच्या वरच्या भागावर अंगठा दाबला. उचलला तर खड्डा तसाच राहिला.

मी अध्यक्षीणबाईंना सांगितलं की हे मूल जाड नाही, सुजलेलं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते झाडूवाल्याकडे पाहावं तसं, आणि म्हणाल्या, "चांगल्या मुलाला दृष्ट लावू नकोस." त्याला दुसरं बक्षीस मिळालं. टाळ्या वाजल्या. पोराने त्या टाळ्यांकडेही पाहिलं नाही.

आमचे डॉक्टर परीक्षक म्हणून तिथेच खुर्चीत बसले होते. याच माणसाने आठ दिवसांपूर्वी आम्हाला क्वाशिओरकोर शिकवलं होतं. आफ्रिकेतल्या लोकांचा शब्द, धाकटं आल्यावर थोरल्याला होणाऱ्या आजाराचा. अंगावरचं दूध तुटतं, वाट्याला नुसत्या ज्वारीच्या कण्या येतात, पोट भरतं पण अंग बांधायला लागणारं त्यात पुरेसं नसतं. मरास्मसचं मूल सुकतं, हे सुजतं, आणि सूज फसवते, असं फळ्यावर लिहून दिलं होतं त्यांनी. ते फळ्यावर ज्ञानी आणि खुर्चीत आंधळे होते. मी कानाशी जाऊन सांगितलं, तर कुजबुजले की आत्ता तमाशा नको, आई तयार असेल तर उद्या भरती कर. बाईंच्या यजमानांनी दवाखान्याला नवी खोली बांधून दिली होती.

आईला तयार करायला संध्याकाळ गेली. पोराला बक्षीस भेटलं तर दवाखाना काऊन, एवढंच ती विचारत होती. मी तिचाच अंगठा धरून त्या पायावर दाबला. खड्ड्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग उठून बैलगाडी परत पाठवून आली.

पोर वाचेल की नाही, मला खरंच ठाऊक नव्हतं. त्याला भूकच नव्हती. साय काढलेल्या दुधाची भुकटी उकळून गार केलेल्या पाण्यात पातळ कालवायची, थोडी साखर घालायची आणि दर दोन तासांनी चमच्याने थोडीथोडी पाजायची, रात्रीसुद्धा. अंग गार पडू द्यायचं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बायका तुपाचा शिरा घेऊन यायच्या, बिचाऱ्याला काय नुसतं पाणी पाजता म्हणून. एकदम भारी खाल्लं तर हे पोर जाईल, हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शिरा मीच खाल्ला.

पाचव्या दिवशी तो रडला, आणि मला इतका आनंद झाला की मी त्याला खुशाल रडू दिलं. लंगोट सारखे ओले होऊ लागले, सूज लघवीवाटे उतरत होती. गाल गेले, पाय काटकुळे झाले, खालची खरी हाडं वर आली. आठव्या दिवशी वजनाच्या तक्त्यावर तीन पौंड कमी होते. व्हायलाच हवे होते, ते पाण्याचे होते.

नेमक्या त्याच दिवशी अध्यक्षीणबाई वॉर्डाची पाहणी करायला आल्या. तक्ता वाचता येणं आणि समजणं यांत फरक असतो. मंडळाच्या बक्षिसाचं पोर आम्ही आठ दिवसांत उपाशी मारलं, असं त्या सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. मी समजावू लागले तर डॉक्टरांनीच मला गप्प राहायची खूण केली. मग बाई आईकडे वळल्या. आपल्या मोटारीतून तुला आज घरी सोडते, म्हणाल्या.

या टप्प्यावर ते पोर पुन्हा नुसत्या कण्यांवर गेलं असतं तर महिनाही काढता ना. आईने पोराच्या बरगड्यांवरून हात फिरवला. तीही घाबरली होती, हे दिसत होतं.

"बाईसाहेब," ती हळू म्हणाली, "बक्षीस भेटलं तवा याले मी हाक मारो तं हा पाहेच नाई. आता भाकर मांगते, मले मारते. मी नाई येत."

त्या वॉर्डात शिकलेले आम्ही तिघे होतो आणि अक्कल तिच्याजवळ निघाली.

पुढचे तीन आठवडे ती राहिली. दूध दाट झालं, त्यात थोडं तेल आलं, मग मऊ कण्यांत मुगाची डाळ, कुस्करलेलं केळं, अंडं. वजन आता खरं चढू लागलं. घरी काय द्यायचं ते मी तिला शिकवलं. कण्या शिजवताना मूठभर डाळ त्यातच टाकायची, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट करून गुळात कालवायचं, आणि तान्हं सहा महिन्यांचं झालं की त्यालाही अंगावरच्या दुधासोबत हेच मऊ करून चारायचं. शेंगदाणे घरात पोत्याने होते. पोराले जड पडते म्हणून कोणी देतच नव्हतं, असं ती म्हणाली.

तिला घरी सोडायच्या दिवशी बाई पुन्हा आल्या. पोराला त्यांनी काट्यावर टाकायला सांगितलं. सूज गेल्यामुळे त्याचं वजन अजून स्पर्धेच्या दिवसापेक्षा कमीच होतं. त्यांनी यादीशी ताडून पाहिलं आणि प्रसन्न हसल्या. आता हा नियमात बसतो, म्हणाल्या, आणि दुधाचं कार्ड लिहून माझ्यापुढे धरलं.

महिनाभर त्यांना सुनावायची वाक्यं मी मनात घोळवत होते. त्यांतलं एकही मी बोलले नाही. कार्ड त्यांनी परत घेतलं असतं तर पोराला दूध कुठून आणलं असतं? मी दोन्ही हात पुढे केले, मान खाली घातली आणि म्हणाले, "मंडळाचे फार उपकार झाले, बाईसाहेब."