तोतारामभाऊंची सरासरी

सावद्याच्या बाजूला केळीच्या बागांत तोतारामभाऊंना बोलावणे येई ते सरासरीसाठी. बाग विकायची ठरली की घेणारा आणि देणारा दोघेही त्यांचीच वाट पाहत. भाऊ धोतराचा सोगा खोचून बागेत शिरत, सावकाश एक फेरी मारत, दोन-चार घडांना खालून हात लावून पाहत आणि बाहेर येऊन सांगत, "चौदा शेर." मग दहा घड कापून काट्यावर चढवायचे, ते केवळ रीत म्हणून. बाकीचे घड मोजायचे, चौदाने गुणायचे, आणि सौदा पुरा. एखादा घड अठरा शेरांचा निघे, एखादा दहाचा. पण लहानाचे उणे आणि मोठ्याचे अधिक एकमेकांत जिरून जाई, आणि गाडी भरून तोलली तरी भाऊंचा आकडा फारसा हलत नसे. या विद्येमुळे त्यांना गावात मान होता, आणि तो त्यांनी कधी मिरवला नाही. फक्त कोणी विसरले तर आठवण करून देत.

भाऊंची धाकटी बहीण भागाबाई शिंदखेड्याला दिली होती. तिथल्या बोलीत ती इतकी मुरली होती की माहेरी आली की भावजया तिला बोलते करून हसत. तिचा नवरा गेला, तेव्हा दिरांनी तिच्या वाट्याच्या जमिनीपोटी पाच हजार रुपये रोख दिले आणि जमीन आपल्याकडे ठेवली. भागाबाईला रोख नको होती. तिला शेत हवे होते, पण त्या वेळी कोणी विकायला काढले नव्हते. तोवर पैसे वाढते राहावेत म्हणून भाऊंनी ते जळगावला बन्सीलालशेठ यांच्या कापसाच्या धंद्यात घातले. शेठ माणूस सचोटीचा. नफा झाला तर नफा, तोटा झाला तर तोटा, आणि वर्षाच्या शेवटी जे असेल ते सगळे तसेच पुढच्या वर्षाच्या खरेदीत, असे ठरले. ही गोष्ट १९५० च्या दिवाळीची.

दर दिवाळीच्या पाडव्याला भाऊ जळगावला जात, दुकानात चहा घेत आणि वर्ष कसे गेले ते विचारत. शेठ सांगत. पहिल्या वर्षी शेकडा चाळीस नफा. दुसऱ्या वर्षी भाव कोसळला, शेकडा तीस तोटा. तिसऱ्या वर्षी पन्नास नफा. चौथ्या वर्षी पुन्हा आपटी, चाळीस तोटा. भाऊ टक्के लक्षात ठेवत. रुपये किती झाले, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. घड किती आहेत ते माहीत असले आणि सरासरी माहीत असली, की एकूण विचारायचे कशाला?

चौथ्या पाडव्यानंतर शिंदखेड्याहून निरोप आला. निंबा नावाचे एक शेतकरी मुलाकडे धुळ्याला राहायला चालले होते. त्यांची विहिरीसकट सहा एकर काळी जमीन होती, एकरी हजाराने. भागाबाईने भावाला विचारले, आपले किती झाले? भाऊंनी ओट्यावर बसल्या बसल्या हिशेब केला. चाळीसातून तीस गेले, दहा. त्यात पन्नास, साठ. त्यातून चाळीस गेले, वीस. चार वर्षांनी भागले की पाच. पाच हजारांवर शेकडा पाच म्हणजे वर्षाला अडीचशे, चार वर्षांचे हजार. सहा हजार! एकराला हजार, सहा एकर. हिशेब इतका चपखल बसला की भाऊंना त्यात देवाचा हात दिसला. त्यांनी कळवले की निंबांना शब्द देऊन टाक. भागाबाईने दिला. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पैसे मोजले नाहीत तर निंबा दुसरे गिऱ्हाईक बघणार होते, आणि गिऱ्हाईक होतेही. ते भागाबाईचे थोरले दीर होते.

चैत्रात भाऊ पैसे आणायला जळगावला गेले. शेठनी वही बघितली आणि चार हजार चारशे दहा रुपये पुढे ठेवले.

भाऊंनी ते मोजले, पुन्हा मोजले, आणि शांतपणे विचारले की उरलेले कधी मिळतील. शेठना उरलेले म्हणजे काय ते कळेना. मग भाऊंनी चार वर्षांची सरासरी त्यांच्यासमोर मांडली, बागेतून बाहेर येऊन सांगतात तशीच. शेठ ऐकून घेत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, पण पानाचा डबा त्यांनी मिटून ठेवला.

"टक्के बरोबर आहेत, भाऊ," ते म्हणाले. "पण ते कशाचे टक्के? पाच हजारांचे सात झाले. पुढचा तीसचा तोटा सातवर बसला, पाचवर नाही. एकवीसशे गेले. राहिले एकोणपन्नासशे."

"म्हणजे चाळीस मिळाले आणि तीसच गेले, तरी मुद्दलातले शंभर कमी?"

"समजा, तुमच्या बागेत हजार झाडं आहेत. यंदा चारशे वाढवली. मग वादळात शंभरातली तीस झाडं पडली. वारा काय जुन्या हजारांतलीच मोजून पाडतो?"

चौदाशेतली चारशेवीस पडली, नऊशेऐंशी उरली, हे भाऊंना दिसले. पुढचे शेठनी सांगायची गरज राहिली नाही. एकोणपन्नासशेचे पन्नास टक्क्यांनी त्र्याहत्तरशे पन्नास, आणि त्यातले शेकडा चाळीस गेले की चव्वेचाळीसशे दहा. घड एकाशेजारी एक लटकतात, त्यांची बेरीज होते. ही वर्षे मात्र एकमेकांच्या खांद्यावर उभी होती.

शिंदखेड्याच्या गाडीत भाऊंनी एक शेवटचा प्रयत्न केला. वाईट वर्षे आधी आली असती तर? पाचाचे तीन हजार, तीनाचे साडेचार, मग एकतीसशे पन्नास, आणि शेवटी पुन्हा तेच चव्वेचाळीसशे दहा. अमळनेरपर्यंत त्यांनी वर्षे चार-पाच प्रकारे फिरवून पाहिली. आकडा हलला नाही. नरडाण्याला त्यांनी नाद सोडला आणि दुसरा हिशेब धरला. पंधराशे नव्वद कमी होते. घरची बैलजोडी आणि लताबाईच्या पाटल्या विकल्या तर जमत होते. लताबाई त्यांची बायको. तिला अजून विचारले नव्हते.

भागाबाई अंगणात धान्य पाखडत होती. भाऊंनी पाणीसुद्धा न घेता सगळे सांगितले: शेठची चूक नाही, माझी आहे, बाकीचे मी भरतो. तिने सूप खाली ठेवले.

"भाऊ, बठ्ठा मिळीसन किती शे?"

"सगळे मिळून चव्वेचाळीसशे दहा."

तिने बोटांवर हजार मोजले, चार भरले. मग म्हणाली, "चार एकर बी जमीनच शे."

भाऊंनी बैलांचा विषय काढला. तिने तो काढू दिला नाही. वहिनीच्या पाटल्या विकून घेतलेल्या शेतात माझ्याने पीक काढवणार नाही, असे ती आपल्या बोलीत म्हणाली, आणि पुढे, भावाच्या केळीच्या बागांवरून, "तू केयीस्नी सरासरी करत जाय. पैसास्नी नको."

निंबांना चार एकर तोडून द्यायला कसेतरीच वाटत होते, पण उरलेल्या दोनांसाठी भागाबाईचे दीर तयारच होते. प्रश्न विहिरीचा निघाला. दिरांना विहिरीकडचे दोन एकर हवे होते. भागाबाई बांधावर उभी राहिली आणि निंबांना म्हणाली की शब्द मी आधी दिला, तेव्हा कुठले चार ते मी सांगणार. तिने विहिरीपासूनचे चार एकर पावलांनी दाखवले. दीर बिडी पेटवायला बांधाच्या पलीकडे गेले.

आखाजीच्या आधी खरेदीखत झाले. चार हजार निंबांना गेले. चारशे दहातून मुद्रांक आणि लिहिणावळ वजा जाऊन जे राहिले त्यातून विहिरीची मोट आणि ती ओढायचा नाडा आला. साक्षीदार म्हणून तोतारामभाऊंनी सही केली. लिहिणाऱ्याने क्षेत्र किती म्हणून विचारले, तेव्हा भाऊंनी तोंड उघडले होते. पण भागाबाई आधी बोलली, "चार एकर," आणि मग तिने अंगठा उठवला.