ऐंशी किलोमीटरची बचत

शिबपूरच्या मनतोष सरखेलांची चौतीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीवर गेली. दिल्लीला निघालेला जो तो आधी त्यांचा सल्ला घ्यायचा. “गयेवरून जा. पाटण्यावरून ऐंशी किलोमीटर जास्त, भाडं जास्त, थांबे जास्त, वर उशीर,” असं ते वेळापत्रक न उघडता सांगत. माणूस हुशार होता, पण त्या हुशारीवर स्वतःच जरा जास्त खूश होता.

दर वर्षी लक्ष्मीपूजेनंतर मुलाकडे दिल्लीला जाताना ते स्वतः मात्र पाटण्यावरून जात. तिथे धाकटी बहीण निरुपमा राहायची. गाडी दहा मिनिटं थांबे आणि ती नारळाचे नाडू, म्हणजे बंगाली लाडू, घेऊन फलाटावर उभी असे. वर्षभरात भावाबहिणीची भेट तेवढीच. उतरून दोन दिवस तिच्याकडे राहावं असं यांना कधी सुचलं नाही.

त्या वर्षी खिडकीवरचा नवा कारकून हसला. “सरखेलदा, जगाला गयेवरून पाठवता आणि स्वतः लांबचा फेरा?”

हावड्याहून सकाळी सुटणारी त्यांची गाडी आठवड्यातले चार दिवस पाटण्यावरून जाते, तीन दिवस गयेवरून. शनिवार पाटण्याचा, रविवार गयेचा. सरखेलांनी अर्जावरचा शनिवार खोडून रविवार लिहिला. खालचा बर्थ दोन्ही दिवशी मिळत होता, अडचण कसलीच नव्हती. बोलणं झोंबलं, एवढंच.

फोनवर बहिणीला म्हणाले, “रविवारी निघतोय.” गयेचं नाव काढलं नाही, उगाच रडारड नको म्हणून.

“येते मी स्टेशनवर,” निरुपमा म्हणाली. “या वेळी तुला नीट बघून घेते, दादा. डोळ्यांचं काही खरं नाही.”

“बरं, बरं.”

दिल्लीला गाडी वेळेवर पोचली. तिथून त्यांनी फोन करून ठोकून दिलं, “अगं, आयत्या वेळी गाडी गयेवरून वळवली.”

“मग तू तरी काय करणार,” ती म्हणाली.

माघात निरुपमा गेली. श्राद्धाला सरखेल पहिल्यांदाच पाटण्याला उतरले. एक शेजारी म्हणाला, “तुमची गाडी वळवली होती म्हणे. काकी सगळ्यांना सांगत होत्या.” सरखेलांनी मान हलवली.

शेजारी गेल्यावर निरुपमाची सून श्यामली समोर येऊन बसली.

“मामा, त्या दिवशी मी होते बरोबर. दोन तास उभ्या होत्या. शेवटी आम्ही चौकशीच्या खिडकीवर विचारलं. तो म्हणाला, रविवारची गाडी इकडून कधीच जात नाही.”

“निरूनं ऐकलं?”

“माझ्या शेजारीच होत्या. तुमचा फोन आल्यावर मला म्हणाल्या, आपल्याला कळलंय हे दादाला कळू देऊ नकोस, त्याला वाईट वाटेल.” श्यामली त्यांच्याकडे बघत राहिली. “वाटलं का, मामा?”

सरखेलांना रडू आवरेना. श्यामली उठली आणि बाकीच्यांची पानं मांडायला निघून गेली.